लाइव्हच्या यादीत नजरेत भरणारं शीर्षक

ट्विचवरच्या विभागात लाइव्हची यादी सहसा प्रेक्षकसंख्येच्या उतरत्या क्रमाने लागते. बुद्धिबळ शिकवणाऱ्या नवख्याने Just Chatting हा गजबजलेला विभाग निवडला, तर तो पार तळाशी जातो. Chess मध्ये निदान बुद्धिबळासाठीच आलेला माणूस भेटतो. शीर्षकाला १४० अक्षरांची मुभा असली, तरी यादीत सुरुवातीचे मोजके शब्दच दिसतात. ‘नमस्कार मित्रांनो, पुन्हा लाइव्ह’ म्हणजे ती मोलाची जागा वाया. ‘हत्ती-प्याद्याचा शेवट: जिंकलेला डाव बरोबरीत का सुटतो?’ यातून विषय लगेच कळतो, उत्सुकताही जागते. भाषेसाठी Marathi हा टॅग पुरतो. धडा संपवून खेळायला बसताच शीर्षकही बदलावं, नाहीतर शिकायला आलेला प्रेक्षक लगेच निघून जातो. वर्णनाचा उपयोग यूट्यूबवर अधिक. तिथे पहिल्याच ओळीत धड्याचा विषय आणि पातळी लिहावी.