सही जुळेना, चेक परत

चेक परत आला की सोबत बँकेचा छापील मेमो येतो. त्यावर ‘सही जुळत नाही’ अशा अर्थाचा शेरा असेल, तर खात्यातल्या शिल्लकीचा प्रश्नच नसतो. हल्ली चेकचा कागद खातेदाराच्या बँकेत जातच नाही, त्याची स्कॅन केलेली प्रतिमा जाते. तपासणारा कर्मचारी खाते उघडताना घेतलेली नमुना सही पडद्यावर काढून तिच्याशी ही प्रतिमा ताडून पाहतो. तो खातेदाराला ओळखत नाही, त्यामुळे जुन्या शाखेतली ओळख इथे कामी येत नाही.

समजा, एका शिक्षिकेने 1994 मध्ये खाते उघडताना मराठीत पूर्ण नाव लिहून सही दिली. निवृत्तीनंतर हात थरथरू लागला आणि सही आडनावावर येऊन थांबली. सोसायटीला दिलेले देखभाल खर्चाचे दोन चेक लागोपाठ परत आले, दंडही कापला गेला. अशा वेळी तिसरा चेक जुन्या वळणाने गिरवण्याचा प्रयत्न टाळावा. मुद्दाम काढलेली सही अडखळते आणि पुन्हा नापास होण्याची शक्यता असते. सोसायटीचे पैसे आधी ऑनलाइन भरावेत आणि मग मूळ शाखा गाठावी.

तिथे सही बदलण्याचा अर्ज मिळतो. खाते क्रमांक, बदलाचे कारण आणि नवी सही त्यात द्यावी लागते. ओळखपत्र, पॅन आणि पासबुक सोबत न्यावे. सही अधिकाऱ्यासमोर करायची असते, म्हणून खातेदाराने स्वतः जाणे बरे. जुनी सही जमत असेल तर तीही मागितली जाते. जमत नसेल तर कारण सांगावे. ओळख पटवण्याचे काम कागदपत्रे करतात. नवी सही घाईत, बसून, थकव्यातही सहज येईल अशीच निवडावी. अंगठा लावणाऱ्यांसाठीची पद्धत वेगळी असते आणि ती शाखेतच समजून घ्यावी लागते.

खरी अडचण पुढे येते. नवी सही नोंदली गेली की जुन्या सहीने आधी दिलेले, पण अजून न वटलेले चेक अडकू शकतात. चेक तारखेपासून तीन महिने चालतो, त्यामुळे त्या काळात दिलेल्या चेकची यादी आधी करावी आणि ते परत मागून घ्यावेत किंवा वटेपर्यंत थांबावे. संयुक्त खात्यात ज्याची सही बदलली, त्याचाच नमुना बदलतो. लॉकर आणि डीमॅट यांची नोंद वेगळी असू शकते, म्हणून तिथे स्वतंत्र चौकशी करावी.

परत आलेला चेक निव्वळ तांत्रिक बाब मानू नये. सही न जुळल्यामुळे परतलेल्या चेकलाही परक्राम्य संलेख कायद्याचे कलम 138 लागू होऊ शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये म्हटले आहे. घेणेकऱ्याची नोटीस मिळाल्यास 15 दिवसांत रक्कम चुकती करावी लागते. अर्ज दिल्यानंतर नवी सही पडद्यावर दिसते का, हे शाखेत विचारून खात्री करावी आणि तोवर नवा चेक लिहू नये.