पगार थांबला तर घर किती महिने चालेल?

पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात एखाद्या कंपनीत कामगार-कर्मचारी कमी करायला सुरुवात झाली की, घरोघरी एकच हिशेब मांडला जातो: बँकेत आहेत तेवढ्यावर किती दिवस निघतील? हा हिशेब बहुतेक घरांत चुकतो आणि नेमका धोक्याच्या बाजूला चुकतो. घरातल्यांना वाटतं त्यापेक्षा पैसा लवकर संपतो. म्हणून आपत्कालीन निधी म्हणजे काय हे सांगण्यापेक्षा तो प्रत्यक्षात कसा खर्च होतो ते आधी पाहू.

आपत्कालीन निधी म्हणजे पगार बंद पडल्यावर किंवा अचानक मोठा खर्च उभा राहिल्यावर घर चालवण्यासाठी बाजूला ठेवलेली आणि हवी तेव्हा हातात येणारी रक्कम. मुलीच्या शिक्षणासाठीची ठेव, पुढच्या वर्षीच्या गाडीचं डाउन पेमेंट, शेअर बाजारातले म्युच्युअल फंड हे त्यात धरायचे नाहीत. ‘सहा महिन्यांचा पगार बाजूला ठेवा’ असा सल्ला सर्रास दिला जातो, पण मोजमाप पगाराचं नव्हे, टाळता न येणाऱ्या खर्चाचं करायला हवं. अडचणीच्या दिवसांत पगाराएवढे पैसे लागत नाहीत. मात्र काही असे खर्च निघतात, जे पगार चालू असताना दिसतच नाहीत.

एक कुटुंब धरू. चिंचवडला राहणारं, नवरा-बायको, एक शाळकरी मुलगा आणि आजी. नवऱ्याच्या हातात दरमहा 75,000 रुपये पगार येतो आणि सध्या तेवढाच पैसा घरात येतो. गृहकर्जाचा हप्ता 24,000. किराणा, दूध, भाजी, गॅस मिळून 16,000. पेट्रोल 4,000, वीज-फोन-इंटरनेट 3,500, सोसायटीचा मेंटेनन्स 2,500, मुलाची स्कूलबस आणि शिकवणी 4,500, आजीची औषधं 3,000. हे झाले 57,500. याशिवाय 8,000 रुपयांची एसआयपी आणि हॉटेल-सिनेमाचे पाचेक हजार. एसआयपी थांबवता येते, हॉटेलही बंद करता येतं. कामासाठीची धावपळ थांबल्यावर पेट्रोलचे दोन हजार वाचतील, स्वयंपाकघरात हात आखडता घेऊन आणखी दोन हजार. म्हणजे महिन्याला 53,500 रुपयांत घर चालेल. या कुटुंबाच्या हाताशी 3 लाख रुपये आहेत. भागाकार केला तर साडेपाच महिन्यांहून थोडं जास्त येतं आणि घरातले निर्धास्त होतात.

आता समजा, 30 एप्रिलला नोकरी गेली.

पहिला फटका कुणाच्या ध्यानीमनी नसतो तिथून बसतो. कंपनीने काढलेला कुटुंबाचा आरोग्यविमा सहसा नोकरीबरोबरच संपतो. आजी घरात असताना विम्याशिवाय राहणं परवडणारं नाही, म्हणून नवी पॉलिसी घ्यावी लागते. तिचा वर्षाचा हप्ता 36,000 रुपये धरला, तर मे महिन्यात 89,500 रुपये जातात आणि शिल्लक उरते 2,10,500. जूनमध्ये शाळेच्या फीचा पहिला हप्ता येतो, 33,000 रुपये. घरखर्चासह त्या महिन्यात 86,500 गेले, उरले 1,24,000. जुलै त्यातल्या त्यात सोपा. फक्त 53,500 खर्च होऊन 70,500 उरतात. ऑगस्टमध्ये गाडीचा विमा आणि सर्व्हिसिंगचे 12,000 येतात. त्या महिन्याचा खर्च 65,500. ऑगस्टअखेर खात्यात उरतात 5,000 रुपये. साडेपाच महिने चालेल असं वाटलेला निधी चार महिन्यांत संपला आणि यात उधळपट्टीचा एक रुपयाही नाही.

चूक वर्षातून एकदा-दोनदा येणाऱ्या खर्चांत होती. शाळेची फी वर्षाला 66,000, टर्म इन्शुरन्सचा हप्ता 18,000, गाडीचे 12,000, घरपट्टी 6,000. ही बेरीज 1,02,000 होते, म्हणजे महिन्याला 8,500. पगार चालू असताना हे खर्च बोनसमधून परस्पर भागतात, त्यामुळे महिन्याच्या हिशेबात ते कधी मांडलेच जात नाहीत. नोकरीबरोबर बोनसही जातो, खर्च मात्र ठरल्या तारखेला दारात उभे राहतात. 53,500 मध्ये हे 8,500 आणि आरोग्यविम्याचे महिन्याकाठी 3,000 मिळवले की, खरा आकडा येतो 65,000. या कुटुंबाला सहा महिन्यांचं संरक्षण हवं असेल, तर 3,90,000 रुपये लागतील.

तुमच्या घरचा आकडा काढायला मासिक अंदाजपत्रक मांडत बसू नका, आठवणीतून लिहिलेला खर्च नेहमी कमीच भरतो. बँकेचं सलग बारा महिन्यांचं स्टेटमेंट काढा. खात्यातून गेलेल्या सगळ्या रकमांची बेरीज करा, गुंतवणूक आणि खरोखर टाळता येण्याजोगे खर्च वजा करा, आरोग्यविम्याचा हप्ता मिळवा आणि बाराने भागा. ही बेरीज एका संध्याकाळचं काम आहे.

कंपनीकडून मिळणारा हिशेब, म्हणजे शिल्लक रजेचे पैसे आणि पाच वर्षं पूर्ण झाली असतील तर ग्रॅच्युइटी, मी वर मुद्दाम धरला नाही. ते पैसे येतात, पण अनेक ठिकाणी महिना-दीड महिना लावून येतात. पीएफचंही तसंच. नाव, जन्मतारीख किंवा नोकरी सोडल्याची तारीख जुळली नाही, तर अर्ज परत येतो. आले तर निधी लांबेल, पण जूनची फी त्यांच्या भरवशावर ठेवू नये.

इतका आटापिटा कशासाठी, असं कुणी विचारेल. कर्ज काढता येतंच की! पण पर्सनल लोन पगाराची स्लिप पाहून मिळतं आणि ज्या महिन्यात गरज पडते, त्याच महिन्यात ती स्लिप नसते. हाताशी उरतं क्रेडिट कार्ड. थकबाकीवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लावणारी कार्डं सर्रास आहेत, वर्षाला ते चाळीस टक्क्यांच्या पुढे जातं. घरातलं सोनं गहाण ठेवणं त्यापेक्षा खूप बरं. घराचा हप्ता थकला, तर पहिल्याच महिन्यात त्याची नोंद क्रेडिट अहवालात होते आणि थकबाकी 90 दिवसांपुढे गेली की बँक ते खातं अनुत्पादित ठरवते. वसुलीची पुढची कायदेशीर वाट तिथून सुरू होते. निधीचं खरं काम हे 90 दिवस सुरूच होऊ न देण्याचं आहे. दुसरंही एक काम तो करतो: पहिल्या महिन्यात मिळेल ती, निम्म्या पगाराची नोकरी पत्करण्याची वेळ येऊ देत नाही.

मग किती महिन्यांचा निधी पुरे? दुसरा पगार हा यातला सगळ्यात मोठा फरक. वरच्याच घरात बायको 30,000 रुपये मिळवत असती, तर दरमहा तूट 35,000 ची राहिली असती आणि त्याच 3 लाखांत आठ महिने निघाले असते. मात्र दोघंही एकाच कंपनीत किंवा एकाच धंद्यात असतील, तर मी ते दोन पगार धरणार नाही. मंदी येते तेव्हा ती दोघांच्याही दारी एकदमच येते. एकाच पगारावर चालणाऱ्या, गृहकर्ज असलेल्या घराने सहा महिने ही किमान मर्यादा मानावी. पंचेचाळिशी ओलांडलेल्या, वरच्या पदावरच्या माणसाला तोडीची जागा मिळायला वेळ लागतो, त्याने नऊ महिने धरावेत.

हा पैसा ठेवायचा कुठे, यात व्याजदरापेक्षा तो कोण आणि किती वेळात काढू शकतो, हे महत्त्वाचं. सप्टेंबर 2019 मध्ये रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध घातले, तेव्हा सुरुवातीला ठेवीदारांना खात्यातून फक्त 1,000 रुपये काढायची मुभा होती. त्यानंतर, 2020 मध्ये, ठेवविम्याचं संरक्षण एक लाखावरून पाच लाखांवर नेलं गेलं आणि 2021 च्या दुरुस्तीने निर्बंध आल्यापासून 90 दिवसांत विम्याची रक्कम देण्याची तरतूद झाली. पैसे बुडू नयेत यासाठी हे चांगलं आहे. पण ज्याचा पगार थांबला आहे, त्याला 90 दिवस फार होतात. म्हणून निधी दोन वेगळ्या बँकांत विभागावा. पतसंस्थांतल्या ठेवींना तर हे विमासंरक्षण नाहीच. तिथे एखादा टक्का जास्त मिळतो म्हणून हा पैसा ठेवू नये.

महिना-दीड महिन्याचा खर्च बचत खात्यात असावा. उरलेल्या रकमेची एकच मोठी ठेव न करता पन्नास-पन्नास हजारांच्या ठेवी कराव्यात, म्हणजे गरजेपुरती एकच मोडता येते आणि मुदतपूर्व मोडण्याचा दंड तेवढ्यावरच बसतो. बचत खात्याला जोडलेली स्वीप-इन ठेव असेल, तर खात्यात पैसे कमी पडताच बँक ती आपोआप लागेल तेवढी मोडते.

आणि एक बाब बहुतेक जण तपासत नाहीत. निधी नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर आहे, बायको नॉमिनी आहे आणि नवराच आयसीयूत आहे. अशा वेळी तिला एक रुपयाही काढता येत नाही, कारण नॉमिनीचा हक्क खातेदाराच्या मृत्यूनंतरच लागू होतो. खातं ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ पद्धतीने दोघांच्या नावावर असेल, तर बचत खात्यातून कुणीही एक जण पैसे काढू शकतो. मुदत ठेवीचं तसं नाही. मुदत संपल्यावर एकाची सही चालते, पण मुदतीआधी ठेव मोडायची तर बँक दोघांच्याही सह्या मागू शकते. कुणाही एकाला ठेव मोडता यावी अशी लेखी सूचना आधीच देता येते. ती दिली आहे का, हे बँकेत जाऊन विचारून घ्यावं.

या निधीच्या मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. मोठ्या शस्त्रक्रियेचं बिल तीन-चार लाखांना एका झटक्यात गिळू शकतं, म्हणून ते काम आरोग्यविम्याचं. आणि ती पॉलिसी नोकरी चालू असतानाच स्वतःच्या नावाने घेतलेली असावी. नव्या पॉलिसीत अपघात सोडला तर पहिले 30 दिवस दावा करता येत नाही आणि आजीला आधीपासून असलेल्या आजारांसाठी ही प्रतीक्षा तीन वर्षांपर्यंत असू शकते. नोकरी सुटणार हे कळलंच, तर शेवटच्या दिवसाआधी त्याच विमा कंपनीकडे गटविम्यातून वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा अर्ज द्यावा. तो मंजूर झाला, तर गटविम्यात काढलेला काळ या प्रतीक्षेत मोजला जातो. कमावत्या माणसाच्या मृत्यूनंतरची वर्षं टर्म इन्शुरन्सने भरायची असतात. त्यामुळे तंगीच्या महिन्यांत एसआयपी थांबवावी, पण टर्मचा हप्ता चुकवू नये.

शून्यापासून सुरुवात करणाऱ्याला 3,90,000 हा आकडा दूरचा वाटेल. या कुटुंबाने एसआयपीचे 8,000 रुपये दोन वर्षं याच कामाकडे वळवले, तर व्याज न धरताही 1,92,000 होतात, म्हणजे जवळजवळ तीन महिन्यांचा खर्च. तेवढं होईपर्यंत एसआयपी थांबवावी, असं माझं स्पष्ट मत आहे. हाताशी काही नसताना बाजारात टाकलेला पैसा अडचणीच्या वेळी विकावा लागतो आणि अनेकदा नोकऱ्या जातात त्याच काळात बाजारही पडलेला असतो. तीन महिन्यांचा टप्पा गाठला की निम्मे पैसे पुन्हा एसआयपीत आणि निम्मे निधीत, अशी वाटणी करावी. दरवर्षी जूनमध्ये, शाळेची नवी फी कळली की, बाराने भागायचा तो हिशेब पुन्हा करावा, कारण फी, औषधं किंवा कर्जाचा हप्ता यांतलं काही वाढलं असेल, तर गेल्या वर्षीचे सहा महिने यंदा पाचच उरलेले असतात.