‘पार्सलला उशीर होऊ शकतो’ म्हणजे किती?

दसरा आला की घरगुती फराळ विकणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक ओळ हमखास दिसू लागते : ‘सणाच्या गर्दीमुळे पार्सल पोहोचायला उशीर होऊ शकतो, कृपया सहकार्य करावे.’ ही ओळ खोटी नसते, पण ग्राहकाला तिचा काहीच उपयोग नसतो. उशीर म्हणजे एक दिवस की आठ? नागपूरच्या लेकीकडे चकल्या धनत्रयोदशीला पोहोचायला हव्या असतील, तर ऑर्डर कधी द्यायची? ग्राहकाला तारीख हवी असते आणि ओळीत नेमकी तीच नसते.

ही तारीख काढायची तर विक्रेत्याला पार्सलच्या प्रवासाचे तीन भाग करावे लागतात : माल तयार होणं, तो कुरिअर किंवा पोस्टाच्या हाती जाणं आणि ग्राहकाच्या दारात पोहोचणं. पहिले दोन भाग विक्रेत्याच्या हातात असतात, तिसरा नसतो. वादाचं मूळ बहुतेकदा इथंच असतं. ग्राहक पैसे भरल्या दिवसापासून दिवस मोजतो आणि कुरिअर पार्सल हातात आल्यापासून. ‘चार दिवसांत मिळेल’ असं विक्रेता मोघम सांगतो, तेव्हा दोघांचेही चार दिवस वेगळे असतात.

तिसरा भाग सणात का लांबतो? पार्सल पुण्याहून थेट नागपूरच्या घरी जात नाही. ते आधी जवळच्या शाखेत जातं, तिथून वर्गवारी केंद्रात, मग ट्रकने किंवा विमानाने नागपूरच्या केंद्रात, तिथून त्या भागातल्या शाखेत आणि शेवटी वाटप करणाऱ्याच्या पिशवीत. एरवी प्रत्येक थांब्यावर पार्सल काही तासच असतं. दिवाळीत मात्र संध्याकाळचा ट्रक आधीच भरलेला असतो. त्यात जागा मिळाली नाही, तर पार्सल दुसऱ्या दिवशीच्या गाडीची वाट बघतं. दोन थांब्यांवर असं झालं की दोन दिवस गेले. त्यात रविवार आणि सुट्ट्यांची भर पडते. शेवटच्या टप्प्यावर आणखी एक अडचण येते : वाटपाला माणूस येतो, पण घरची मंडळी गावी गेलेली असतात.

म्हणून जाणता विक्रेता सणापासून उलटा मोजत येतो. २०२५ च्या दिवाळीचं उदाहरण घेऊ. धनत्रयोदशी शनिवारी, १८ ऑक्टोबरला होती. समजा, एरवी पुण्याहून नागपूरला पार्सल तीन दिवसांत पोहोचतं. सणासाठी दुप्पट, म्हणजे सहा दिवस धरले, तर पार्सल १२ तारखेला निघायला हवं. पण १२ ला रविवार, कुरिअरचा माणूस येणार नाही. म्हणजे शनिवारी, ११ लाच पार्सल हाती द्यायचं. त्याआधी, १० ला बांधाबांध. त्याच्या आधीचे दोन दिवस तळणं आणि लाडू वळणं, कारण गरम चकली डब्यात भरली तर वाफ धरून ती मऊ पडते. आणि त्याच्याही आधी भाजणी भाजून दळून आणण्यासाठी दोन दिवस. हिशेब येतो ५ ऑक्टोबरवर. दसरा होता २ ऑक्टोबरला. म्हणजे आपट्याची पानं वाटून तीन दिवस होतात न होतात, तोच ऑर्डर बंद!

ही तारीख कळली की ग्राहक कुरकुरला तरी वेळेत ऑर्डर देतो. ती न सांगता १२ तारखेलाही ऑर्डर घेत राहणारा विक्रेता न झेपणारा शब्द देऊन बसतो.

सूचनेत ट्रॅकिंगचा अर्थही सांगितलेला बरा. कुरिअरच्या पानावर Manifested दिसलं म्हणजे पार्सल निघालं असा अनेकांचा समज होतो. प्रत्यक्षात लेबल तयार झालेलं असतं. डबा अजून विक्रेत्याच्या ओट्यावर असू शकतो. पोस्टाच्या पानावर Item Booked म्हणजे खिडकीवर नोंद झाली आणि Item Dispatched म्हणजे पिशवी पुढच्या केंद्राकडे रवाना झाली. गर्दीत दोन-तीन दिवस काहीच नवीन नोंद दिसत नाही, तेव्हा पार्सल हरवलेलंच असतं असं नाही. बहुधा ते एखाद्या केंद्रात गाडीची वाट बघत असतं. मात्र ‘पत्ता अपुरा’ किंवा ‘फोन लागला नाही’ अशी नोंद आली, तर त्याच दिवशी हालचाल करायला हवी. नाहीतर पार्सल उलट पावली विक्रेत्याकडे निघतं आणि त्यातल्या लाडवांची वाटेतच दिवाळी होते.

परदेशी पाठवायच्या फराळाचं गणित आणखी नाजूक असतं. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांना असलेली आयातशुल्काची सूट २९ ऑगस्ट २०२५ पासून काढून घेतली. शुल्क कसं गोळा करायचं हे स्पष्ट नसल्याने भारतीय टपाल खात्याने २५ ऑगस्टपासूनच तिकडची बहुतेक पार्सलं घेणं थांबवलं. सेवा पुन्हा सुरू झाली ती १५ ऑक्टोबरला, लक्ष्मीपूजनाला सहा दिवस उरले असताना. टपालावर विसंबलेल्यांना खासगी कुरिअरकडे वळावं लागलं. आता शुल्क विक्रेत्याने आधी भरलंय की घेणाऱ्याला भरावं लागेल, हे सूचनेत लिहिणं अपरिहार्य झालं आहे. शिवाय विकलेल्या खाद्यपदार्थाची आगाऊ सूचना अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला द्यावी लागते; ती नसेल तर डबा तिथल्या विमानतळावर अडकतो. आईने घरी करून लेकाला भेट म्हणून पाठवलेल्या फराळाला या सूचनेतून सूट आहे, दुकानदाराला नाही. युरोपीय संघातले देश दुग्धजन्य पदार्थ अडवतात, त्यामुळे तिकडच्या डब्यात पेढे न घातलेलेच बरे.

उशीर झालाच, तर पुढे काय? २०२० च्या ई-कॉमर्स ग्राहक संरक्षण नियमांनुसार, अशा मंचावरून विकणाऱ्याने सांगितलेल्या मुदतीनंतर माल पोहोचला, तर तो परत घ्यायला त्याला नकार देता येत नाही. अपवाद फक्त आवाक्याबाहेरच्या आपत्तीचा. पूर आपत्तीत मोडेल, पण दरवर्षी तारीख ठरवून येणारी दिवाळी आपत्ती म्हणून खपवणं अवघड. त्यामुळे सूचनेतली तारीख जपून लिहावी लागते.

हे सगळं धरून त्या वर्षीची नागपूरसाठीची सूचना अशी लिहिता आली असती :

‘नमस्कार. धनत्रयोदशीपर्यंत फराळ हवा असल्यास ऑर्डर ५ ऑक्टोबरपर्यंत द्यावी. आम्ही पार्सल ११ ऑक्टोबरला कुरिअरकडे देऊ आणि पावतीचा क्रमांक त्याच रात्री पाठवू. एरवी तीन दिवस लागतात, सध्या सहा धरावेत. ओल्या नारळाचे लाडू टिकत नाहीत, म्हणून ते फक्त पुण्यात मिळतील. पत्त्यासोबत पिनकोड, जवळची खूण आणि दुसरा फोन नंबर द्यावा. १८ पर्यंत पार्सल न मिळाल्यास कळवावे. चौकशी आम्ही करू. सणानंतर डबा नको असेल, तर पैसे परत करू. डबा फुटलेला आल्यास उघडण्याआधी फोटो काढावा.’

फोटोच्या शेवटच्या वाक्याला कारण आहे. कुरिअरकडे भरपाई मागताना, नुकसान वाटेत झालं की डबा उघडल्यावर, हा पहिला प्रश्न असतो. बाहेरचं खोकं चेपलेलं आणि लेबल शाबूत असा फोटो असला, की विक्रेत्याला दावा लावता येतो. फक्त तुटलेल्या चकल्यांच्या फोटोवर तो टिकत नाही.