सोयाबीन उगवलं नाही, तर दुकानदाराने पहिल्या दिवशी काय सांगावं?

पेरणीनंतर आठ-नऊ दिवस झाले आणि तासात मोड दिसेना, की शेतकरी बियाण्याची पिशवी घेऊन थेट कृषी सेवा केंद्रात येतो. जूनअखेरीस कोणत्याही तालुक्याच्या गावात हे चित्र दिसतं. २०२० च्या खरिपात तर राज्यभरातून सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारींचा ढीग लागला होता. अशा वेळी काउंटरवर जी पहिली पाच मिनिटं जातात, त्यावर पुढचं बरंच काही ठरतं.

बहुतेक ठिकाणी दोनपैकी एक उत्तर मिळतं. एक म्हणजे, "तुम्ही खोल पेरलं असेल, बाकीच्यांचं तर उगवलंय." दुसरं, "बघू, कंपनीला कळवतो." पहिल्या उत्तरात शेत न बघताच निकाल लागलेला असतो. दुसऱ्यात कोण बघणार आणि कधी, हेच नसतं. काही वर्षांपूर्वी मी स्वतः हे दुसरं उत्तर ऐकून घरी आलो. चार दिवस वाट बघितली, फोन आला नाही, वापसा निघून चालला म्हणून वखर घातला आणि दुबार पेरलं. नंतर माणूस आला तेव्हा बघायला शेतात काही उरलंच नव्हतं. चूक बियाण्याची होती की माझी, हे मला आजही माहीत नाही.

कारण पहिल्या दिवशी कळतच नाही, ही गोष्ट दुकानदारानेही आणि शेतकऱ्यानेही मान्य करावी. सोयाबीन न उगवायला कारणं बरीच असतात. बियाण्याचं टरफल नाजूक, मळणीत किंवा पिशव्या आदळल्याने ते फुटतं. पुरेसा पाऊस नसताना पेरलं तर दाणा अर्धवट फुगतो आणि मरतो. पेरणीनंतर जोराचा पाऊस होऊन ऊन पडलं की वर पापडी धरते आणि कोंब खालीच वाकडा होतो. तीन ते पाच सेंटीमीटरच्या खाली बी गेलं तर ताकद संपते. बाहेरून सगळं सारखंच दिसतं, म्हणजे रिकामं तास. उकरून बघितल्याशिवाय फरक समजत नाही. दाणा कोरडा आहे की फुगून कुजलाय, कोंब आलाय पण अडकलाय का, एकाच नळ्याची तासं रिकामी आहेत की सगळं रान, हे जागेवरच दिसतं. आणि हा पुरावा आठ-दहा दिवसांत मातीत जातो. म्हणून उत्तराची घाई आहे. ते उत्तर मात्र कारणाचं नसावं, पुढच्या कामाचं असावं.

शेजारच्या गावातल्या एका दुकानदाराने गेल्या काही हंगामांपासून एक साधी पद्धत ठेवली आहे. तक्रार आली की तो वहीत नोंद करतो: नाव, गट नंबर, पेरणीची तारीख, वाण, लॉट नंबर, बिल नंबर. टॅग आणि पिशवीचा मोबाईलवर फोटो काढतो. त्याच लॉटची न उघडलेली पिशवी दुकानात असेल तर ती बाजूला ठेवतो, विकत नाही. मग कागदावर चार ओळी लिहून सही-शिक्का मारून देतो. एका शेतकऱ्याला २९ जूनला दिलेली त्याची चिठ्ठी मी बघितली. मजकूर साधारण असा होता:

"तुमची तक्रार आज संध्याकाळी ५ वाजता मिळाली. कारण अजून माहीत नाही. मी १ जुलैला दुपारी १२ पर्यंत कंपनीच्या माणसासह शेतात येतो. या लॉटची उगवण चाचणी उद्या तुमच्यासमोर दुकानात लावतो, पहिली मोजणी ५ जुलैला, शेवटची ८ जुलैला. काही कळलं नाही तरी ५ तारखेला सकाळी ११ वाजता मी फोन करीन. तोपर्यंत रान मोडू नका, पिशवी, टॅग, बिल आणि उरलेलं बी जपून ठेवा. पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज उद्याच द्या, माझी वाट बघू नका."

यात "भरपाई मिळेल" असं कुठंही नाही आणि "बियाणं चांगलंच आहे" असंही नाही. दुकानदार म्हणाला, "जे माझ्या हातात आहे त्याचीच तारीख देतो. समिती कधी येईल ते मी कसं सांगू?" हे त्याचं बरोबर आहे. तालुक्याची तक्रार समिती त्याच्या वेळापत्रकावर चालत नाही. तिची तारीख स्वतःच्या चिठ्ठीत घातली आणि ती हुकली, तर खोटा तोच पडतो.

१ जुलैला कंपनीचा माणूस आलाच नाही. इथं बहुतेकांची गाडी अडते. माणूस येणार नाही म्हणून दुकानदारही फोन उचलत नाही. याने साडेअकरालाच फोन केला: "काका, तो आज येत नाही, उद्या सकाळी ९ ला येतोय. मी मात्र आता एकटा येतो." बारा वाजता तो शेतात होता. दोघांनी पाच ठिकाणी एकेक मीटर तास मोजलं. ४५ सेंटीमीटरच्या पेरणीत दोन रोपांत पाच सेंटीमीटर धरलं तर मीटरला वीसेक रोपं हवीत. तिथं सरासरी सहा निघाली. म्हणजे दुबार पेरणी लागणारच होती, कारण काहीही असो. हा निर्णय कारणासाठी अडवून ठेवायची गरज नव्हती, फक्त पाहणी होईपर्यंत थांबायचं होतं. ३ जुलैला समितीने पंचनामा केला आणि ४ तारखेला काकांनी पेरलं.

दुकानातली चाचणी अशी होती: ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या रांगेत शंभर दाणे, गुंडाळून सावलीत, रोज हलकं पाणी. ५ तारखेला ६१ मोड होते, ८ तारखेला ७४. सोयाबीनला किमान उगवण ७० टक्के लागते. तरी ही घरगुती चाचणी आहे. प्रयोगशाळेचा अहवाल तो वेगळा आणि तोच धरला जातो, हे त्याने काकांना तिथंच सांगितलं. शेतात उकरल्यावर बऱ्याच तासांत बी सात-आठ सेंटीमीटर खाली सापडलं होतं. ट्रॅक्टरवाल्याने फण जास्त दाबले होते.

म्हणजे "खोल पेरलं असेल" हा काउंटरवरचा अंदाज या वेळी खरा ठरला असता. पण तोच वाक्प्रहार पहिल्या दिवशी झाला असता तर काकांनी रागाने रान मोडलं असतं आणि दुसऱ्या दिवशी दुकानासमोर दहा माणसं उभी राहिली असती. उलट बियाणंच खराब निघालं असतं, तर पंचनामा, टॅग आणि बाजूला ठेवलेली पिशवी हे सगळं काकांच्या कामी आलं असतं.

बियाणं ऑनलाइन घेतलं असेल तर तिथंही तक्रारीची पोच मागता येते. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि एक महिन्यात निवारण करायचं असतं. पण पेरणीला महिना कुठून आणायचा? म्हणून पोच आली तरी फोटो काढून घ्या आणि पंचायत समितीचा अर्ज त्याच दिवशी टाका.

काकांनी दुबारचं बियाणंही त्याच दुकानातून नेलं. या वेळी पेरताना ट्रॅक्टरमागे चालत दर चार तासांनी माती उकरून खोली बघत होते.