उतार धरून काढलेली वाट

भिंतीवर एक खिळा ठोकला आहे. त्याच्या उजवीकडे २.८६ मीटरवर, पण अर्धा मीटर खाली, दुसरा खिळा आहे. दोघांमध्ये एक गुळगुळीत तार लावायची, तीत मणी ओवायचा आणि वरच्या टोकाशी नुसता सोडून द्यायचा. मणी आपल्याच वजनानं घसरत दुसऱ्या खिळ्यापर्यंत जाईल. तारेला कोणता आकार दिला तर तो सर्वांत लवकर पोहोचेल?

सरळ ताणलेली तार सर्वांत आखूड असते, पण तिचा उतार सुरुवातीलाच मंद असल्यामुळे मणी रेंगाळतो. तार आधी खोल उतरवली तर मण्याला लगेच वेग मिळतो, पण वाट लांबते. वर्तुळाच्या कंसावरून घसरणारी वस्तू सरळ उतारावरच्या वस्तूला मागे टाकते हे गॅलिलिओनं १६३८ च्या ग्रंथात दाखवलं होतं. कंसच सर्वांत जलद, हा त्याचा समज मात्र चुकीचा होता. जून १६९६ मध्ये योहान बर्नुली यानं हाच प्रश्न लाइपझिगच्या ‘आक्टा एरुडिटोरुम’ या नियतकालिकातून युरोपभरच्या गणितज्ञांपुढे ठेवला. पुढच्या वर्षी उत्तरं आली, त्यात लायब्निझ, योहानचा थोरला भाऊ याकोब आणि नाव न घालता न्यूटन, असे सगळे होते.

योहानची युक्ती मला फार आवडते. त्यानं मण्याऐवजी प्रकाशाचा किरण डोळ्यांपुढे आणला. काच-पाण्यातून जाताना किरण वाकतो तो कमीत कमी वेळ लागावा असा, आणि वाकण्याचा नियम सोपा आहे: किरणानं उभ्या रेषेशी केलेल्या कोनाची ज्या भागिले त्या थरातला वेग, ही संख्या प्रत्येक थरात तीच राहते. मणी जितका खाली उतरला असेल तितका त्याचा वेग जास्त, नेमका सांगायचा तर उतरलेल्या खोलीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. हवेचे पातळ पातळ थर कल्पून हे दोन नियम एकत्र केले की मण्याच्या वाटेचं समीकरण हाती येतं. वरच्या खिळ्यापासून खाली मोजलेली खोली y, उजवीकडचं अंतर x आणि वाटेचा त्या ठिकाणचा उतार p मानू, म्हणजे dy/dx. उतार १ याचा अर्थ मणी जितका उजवीकडे सरकतो तितकाच खाली जातो. समीकरण असं:

y(1 + p²) = k

यात k ही ठरीव संख्या आहे, आणि ती म्हणजे वाट जास्तीत जास्त किती खोल जाते ते अंतर. आपल्या दोन खिळ्यांसाठी k बरोबर एक मीटर येतो. दुसरा खिळा अर्ध्या मीटरवरच असताना वाट एक मीटर खोल कशी, हा प्रश्न इथेच मनात ठेवा.

समीकरणात विकलन एकदाच केलेलं आहे, पण जो उतार आला आहे त्याचा वर्ग आहे. सगळी अडचण या वर्गात आहे. सवयीनं आपण आधी p मोकळा करतो: p बरोबर अधिक किंवा उणे √((k − y)/y). मग ‘मणी घसरतोय म्हणजे उतार अधिकच असणार’ असं म्हणून उणे चिन्ह सोडून देतो. योहाननंही वर्गमुळाच्या रूपातच गणित केलं होतं, पण त्याला तो वक्र ओळखीचा होता म्हणून निभावलं. आपण वर्गमूळ काढलं की समीकरणाचे दोन तुकडे होतात, आणि कुठे एकावरून दुसऱ्यावर जायचं ते समीकरण आता सांगत नाही.

दुसरा मार्ग असा की p ला मोकळं करायचंच नाही. उलट p ला मोजपट्टी करायची आणि x, y दोन्ही त्याच्या भाषेत लिहायचे. घाटातला प्रवासी ‘मी कितव्या किलोमीटरवर आहे’ असं न विचारता ‘इथे रस्त्याचा उतार किती आहे’ असं विचारून आपली जागा ओळखतो, तसं काहीसं. गणितात अशा मोजपट्टीला प्रचल म्हणतात. महाविद्यालयात मुलं तिला पॅरामीटरच म्हणतात.

y तर आयताच मिळतो: y = k/(1 + p²). राहिला x. लहानशा टप्प्यात मणी dx उजवीकडे आणि dy खाली गेला तर dy = p dx. म्हणजे dy माहीत असेल तर त्याला p नं भागून dx मिळतो. y च्या सूत्राचं p च्या संदर्भात विकलन केलं की

dy = −2kp dp/(1 + p²)²

p नं भागल्यावर वरचा p जातो आणि उरतं

dx = −2k dp/(1 + p²)²

उजव्या बाजूला y नाही, x नाही, वर्गमूळ नाही. फक्त p आहे. याचं संकलन पदवीच्या पहिल्या वर्षात शिकवतात. मणी सुटतो तिथे तार थेट खाली जाते, म्हणजे p अनंत असतो आणि x शून्य. त्यावरून संकलनातला स्थिरांक ठरतो आणि उत्तर मिळतं:

x = k(π/2 − arctan p − p/(1 + p²))
y = k/(1 + p²)

arctan p म्हणजे उताराचा आडव्या रेषेशी होणारा कोन, रेडियनमध्ये मोजलेला. y थेट x च्या सूत्रात मांडलेला नाही, म्हणून काहींना हे उत्तर अर्धवट वाटतं. तसं ते नाही. p ची कोणतीही किंमत घाला, वाटेवरचा एक बिंदू मिळतो.

आलेखाचा कागद घेऊन करून पाहण्यासारखं आहे. k एक मीटर धरू. p ची किंमत ३ घेतली तर मणी ०.०२ मीटर उजवीकडे आणि ०.१० मीटर खाली असतो. अजून जवळजवळ सरळ पडतो आहे. p एक झाला की ०.२९ मीटर उजवीकडे, ०.५० मीटर खाली. p अर्धा असताना ०.७१ आणि ०.८०. p शून्य झाला की १.५७ आणि एक मीटर, हा तळ. इथे थांबायचं कारण नाही. p ला शून्याखाली जाऊ द्या, उणे एक घाला: arctan ची किंमत उणे होते, x वाढतच राहतो, आणि बिंदू येतो २.८६ मीटर उजवीकडे, अर्धा मीटर खाली. हाच आपला दुसरा खिळा. मणी तळाला जाऊन पुन्हा अर्धा मीटर वर चढतो. वर्गमुळाचं फक्त अधिक चिन्ह ठेवणाऱ्याला हा खिळा गाठताच आला नसता. p ला मात्र अधिकवरून उणेवर जाताना कुठे अडखळावं लागलं नाही.

आता त्या भागाकाराकडे परत जाऊ. आपण p नं भागलं. शून्यानं भागता येत नाही, म्हणजे p शून्य असण्याची शक्यता आपण तिथे गुपचूप वगळली. वाटेवर कायमच p शून्य असेल तर y बदलत नाही, आणि मूळ समीकरण सांगतं की y = k. ही एक मीटर खोलीवरची आडवी रेषा. ती समीकरणात घालून पाहा, तंतोतंत बसते. पण प्रचलाच्या सूत्रात ती कुठेच नाही, आणि सुरुवातीची जागा बदलून वक्र कितीही सरकवले तरी त्यात ती सापडणार नाही. उजवीकडे-डावीकडे सरकवलेला प्रत्येक वक्र आपल्या तळाशी या रेषेला फक्त स्पर्श करून जातो.

असं काही निसटलंय का, हे ओळखायची एक रीत आहे. मूळ समीकरण p चं वर्गसमीकरण म्हणून लिहा: yp² + (y − k) = 0. शाळेतलं b² − 4ac इथे −4y(y − k) होतं. ते शून्य कधी होतं? y = 0 असताना किंवा y = k असताना. दोन्ही रेषा तपासायच्या. y = 0 मूळ समीकरणात घातली तर 0 = k येतं, म्हणजे ती उकल नाही; त्या रेषेवर वक्रांची टोकदार टोकं आहेत, इतकंच. y = k मात्र बसते, म्हणून ती खरी उकल आहे आणि आपल्या हातून सुटलेली आहे. पुस्तकांतून विद्यार्थी इथेच सर्वांत जास्त चुकतात: एक तर ही रेषा विसरतात, नाहीतर b² − 4ac मधून आलेली प्रत्येक रेषा न तपासता उकल म्हणून लिहून टाकतात.

या रेषेमुळे आणखी एक गुंता होतो. मणी वक्रावरून तळाला आला, मग तीन मीटर आडवा गेला आणि पुढच्या सरकवलेल्या वक्रावरून वर चढला, अशी जोडलेली वाटसुद्धा प्रत्येक बिंदूला समीकरण पाळते. तरी ती सर्वांत जलद वाट नव्हे. समीकरण ही जलद वाटेची एक अट आहे, पुरेशी नाही, आणि आडव्या रेषेवर ती निव्वळ वेगाचा नियम पाळते म्हणून खरी ठरते. संगणकाला वर्गमुळाचं रूप देऊन टप्प्याटप्प्यानं वक्र काढायला लावलं तर हाच घोळ दिसतो. सुरुवातीला y शून्य असल्यामुळे भागाकार अडतो. त्यातून पुढे ढकललं तर तळाला उतार शून्य होतो आणि वक्र आडवा होऊन तसाच पुढे जातो, नाहीतर y किंचित k च्या वर गेला की वर्गमुळाखाली उणे संख्या येते. कागदावर काढलेली वाट तळाशी सपाट झाली तर समजावं की ती चुकीच्या उकलीवर घसरली आहे.

सुरुवातीचा अनंत उतार टाळायला p च्या जागी θ नावाचा कोन घेतात, p = cot(θ/2). मग सूत्रं होतात x = (k/2)(θ − sin θ) आणि y = (k/2)(1 − cos θ), आणि योहाननं ओळखलेला वक्र समोर येतो. चाकाच्या कडेला खडूची खूण करा आणि चाक सरळ रेषेवरून गडगडवा. खूण हवेत जी वाट काढते ती हीच, उलटी करून धरलेली. तिला चक्रज म्हणतात. चाकाचा व्यास k, आणि θ म्हणजे चाक किती फिरलं. आपल्या खिळ्यापर्यंत ते पाऊण फेरा फिरतं.

मण्याला लागणारा वेळ θ√(k/2g) इतका असतो. g ९.८ धरून आपल्या खिळ्यासाठी तो १.०६ सेकंद येतो. सरळ तारेवरून तोच मणी १.८५ सेकंद घेतो. दुसरा खिळा जरा जवळ असता, म्हणजे आडवं अंतर खोलीच्या १.५७ पटीपेक्षा कमी असतं, तर मणी तळाला पोहोचण्याआधीच तिथे आला असता आणि उणे उताराची गरज पडली नसती. त्याहून लांबच्या प्रत्येक खिळ्यासाठी मात्र सर्वांत जलद वाट त्या खिळ्याच्या खाली उतरते आणि मग वर चढते.