टाइल वाळू द्या, मग ‘आफ्टर’ घ्या

बाथरूमच्या गडद टाइलवर साचलेला पांढरा थर तांब्याभर पाणी ओतलं की दिसेनासा होतो. ना घासणं, ना औषध. टाइल ओली आहे तोवर ती नव्यासारखी चमकते आणि पाणी सुकलं की थर पुन्हा जसाच्या तसा हजर होतो. बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्यावर राहणाऱ्या कुणालाही हे रोज दिसतं. तरीही घरसफाईच्या जाहिरातींमधले बहुतेक ‘बिफोर-आफ्टर’ व्हिडिओ नेमक्या याच क्षणी संपतात: शेवटची धार मारली, टाइल लखलखली, संगीत वाढलं, फोन नंबर आला.

यामागचं कारण साधं आहे. जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. पाणी उडून गेलं की ते टाइलवर बारीक, खडबडीत थराच्या रूपात उरतात. कोरड्या थरातल्या सूक्ष्म फटींत हवा असते, त्यामुळे प्रकाश सगळीकडे विखुरतो आणि थर पांढरा दिसतो. त्या फटींत पाणी भरलं की विखुरणं कमी होतं आणि खालच्या टाइलचा रंग वर दिसू लागतो. म्हणजे ओल्या टाइलचा ‘आफ्टर’ आणि कोरड्या टाइलचा ‘बिफोर’ यांची तुलना ही पाण्याची जाहिरात आहे, सफाईची नव्हे. काम खरोखर उत्तम झालेलं असलं तरी अशा व्हिडिओतून ते सिद्ध होत नाही, आणि जाणकार गिऱ्हाईक तिथेच साशंक होतं.

अशा व्हिडिओचा नियम एका वाक्यात सांगता येतो. दोन दृश्यांमध्ये फक्त मळ बदलला पाहिजे, बाकी काहीही नाही. पण फोनचा कॅमेरा, खिडकीतलं ऊन आणि आपला स्वतःचा हात, हे तिन्ही नकळत बदल करत राहतात. ते कसे थोपवायचे ते एका उदाहरणावरून पाहू.

समजा, पुण्यातल्या एका जुन्या इमारतीतला फ्लॅट आहे. बोअरचं पाणी, गडद राखाडी टाइल, नळाभोवती जाड कवच, काचपट्ट्यांची छोटी खिडकी. दोन माणसांचं चार तासांचं काम आहे आणि व्हिडिओ दीड मिनिटाचा करायचा आहे.

पहिला प्रश्न उजेडाचा. सकाळी दहाला ‘बिफोर’ आणि दुपारी दोनला ‘आफ्टर’ घेतला तर खिडकीतून येणारं ऊन पार बदललेलं असतं. म्हणून चित्रीकरणापुरती खिडकी जाड कापडाने झाकावी आणि बाथरूमचा नेहमीचाच दिवा लावावा. वेगळी टॉर्च आणू नये. बाजूने तिरका प्रकाश टाकला की क्षारांचा प्रत्येक खवला उठून दिसतो, आणि समोरून सपाट प्रकाश टाकला की तो लपतो. ‘बिफोर’ला तिरका आणि ‘आफ्टर’ला सपाट प्रकाश ही जुनी चलाखी आहे. काही जण ती हेतुपुरस्सर करतात. काहींकडून ती फक्त दिवा हलल्यामुळे होते. पाहणाऱ्याला दोन्हींतला फरक कळत नाही.

दुसरा प्रश्न फोनचा. कॅमेरा आपोआप उजेड जुळवतो. पांढरा थर गेला, चौकट गडद झाली की फोन लगेच चित्र उजळवतो आणि रंगाची छटाही बदलतो. त्यामुळे शक्य असेल तर ‘प्रो’ मोडमध्ये चित्रीकरण करावं आणि तिथले आकडे कागदावर लिहून ठेवावेत. उदाहरणार्थ ISO 200, शटर 1/50, रंगतापमान 4000K. ‘आफ्टर’च्या वेळी हेच आकडे पुन्हा भरायचे. शटर 1/50 ठेवण्याचं कारण असं की आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची आहे, आणि या वेगाला ट्यूबलाइटचे पट्टे चित्रात सहसा येत नाहीत. आयफोनवर पडद्यावर बोट दाबून धरलं की `AE/AF LOCK` अशी अक्षरं येतात, पण कॅमेरा बंद केला की ते कुलूप सुटतं. चार तासांनंतर त्याचा उपयोग नाही.

म्हणून त्याहून भरवशाचा एक उपाय सांगते, ज्याला पैसे लागत नाहीत. साधा पांढरा A4 कागद दोन्ही दृश्यांत दाराच्या चौकटीवर त्याच जागी चिकटवावा. कागद दोन्हीकडे सारखाच पांढरा दिसला, तर उजेड आणि रंग सारखे आहेत हे तुम्हालाही कळतं आणि पाहणाऱ्यालाही. एकीकडे तो पिवळट आणि दुसरीकडे दुधासारखा दिसत असेल, तर ते दृश्य पुन्हा घ्यावं.

तिसरा प्रश्न जागेचा. ट्रायपॉडची उंची मोजून लिहावी, त्याच्या पायांच्या खुणा बाथरूमच्या धुतल्या जाणाऱ्या फरशीऐवजी बाहेरच्या पॅसेजमध्ये चिकटपट्टीने कराव्यात, आणि लेन्स दोन्हीकडे 1x वर ठेवावी. 0.5x ने बाथरूम ऐसपैस दिसतं आणि डाग लहान होतात. बादली, मग, साबणाची वडी, फाटकं पायपुसणं जिथे होतं तिथेच परत ठेवावं. ‘आफ्टर’मध्ये नवा टॉवेल आणि कुंडीतलं रोप ठेवायचा मोह आवरावा, कारण मग माणूस रोपाकडे पाहून खूश होतो आणि टाइलचं काय झालं हे त्याला नीट सांगता येत नाही. उलट बाजूनेही हेच: ‘बिफोर’मध्ये पसारा मुद्दाम वाढवू नये.

एवढं जमलं की व्हिडिओची मांडणी सोपी होते. सुरुवातीला न कापलेलं, अख्ख्या बाथरूमचं दहा सेकंदांचं दृश्य. मग तीन जागा जवळून: नळाचा बुंधा, टाइलमधला सांधा आणि भिंतीचा मधला भाग. तिसरी जागा महत्त्वाची आहे. सगळ्यात घाण कोपराच दाखवला तर सगळं बाथरूम तसं होतं असा समज होतो. मधला, सर्वसाधारण मळलेला भाग दाखवल्याने एकूण कामाचा अंदाज खरा येतो.

यानंतर व्हिडिओचा कणा येतो, आणि माझ्या मते वेळ द्यायचीच असेल तर ती इथे द्यावी. भिंतीच्या मधोमध मास्किंग टेपची उभी पट्टी लावायची. डावा अर्धा भाग न घासलेला, उजव्या भागावर काम. आधी दोन्ही अर्धे साध्या पाण्याने पुसून कोरडे करायचे. हे टाळलं तर नुसत्या धुळीचं श्रेयही औषधाला जातं. क्षार काढणारं आम्लयुक्त औषध फवाऱ्याने न मारता स्पंजवर घेऊन उजवीकडे लावायचं, म्हणजे तुषार डावीकडे उडत नाहीत. पाच मिनिटं थांबायचं, घासायचं, धुवायचं, दोन्ही भाग कोरड्या मायक्रोफायबरने टिपायचे आणि कॅमेऱ्यासमोर पट्टी ओढून काढायची. मळकं आणि स्वच्छ एकाच चौकटीत, एकाच उजेडात, एकाच क्षणी दिसतं. यात कॅमेऱ्याला फसवायला जागाच उरत नाही. पाच मिनिटांचा थांबा वेगाने पळवायला हरकत नाही. फक्त चौकटीत घड्याळ ठेवावं आणि पडद्यावर ‘5 मिनिटे थांबलो’ असं लिहावं.

ही वेळ लपवल्याने काय होतं याचं गाजलेलं उदाहरण अमेरिकेत घडलं. कोलगेट-पामोलिव्हच्या ‘रॅपिड शेव्ह’ या दाढीच्या फेसाची टीव्हीवर जाहिरात होती. सँडपेपरवर फेस लावला, वस्तरा फिरवला, वाळू साफ निघाली. प्रत्यक्षात तो सँडपेपर नव्हता, प्लेक्सिग्लासवर वाळू पसरलेली होती. खऱ्या सँडपेपरची दाढी होऊ शकत होती, पण तो सुमारे 80 मिनिटं भिजवावा लागत होता. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि 1965 साली निकाल लागला की न सांगता नकली वस्तू दाखवणं ही प्रेक्षकाची दिशाभूल आहे, मग वस्तूबद्दलचा दावा खरा असला तरी. प्रेक्षकाला आपण डोळ्यांनी पुरावा पाहतोय असं वाटतं आणि तो पुरावा नसतो, हा न्यायालयाचा मुद्दा होता. बाथरूमच्या व्हिडिओला तो जसाच्या तसा लागू पडतो. दुसऱ्या घराचा ‘बिफोर’ जोडणं, अर्धा तास मुरवलेलं औषध ‘एका फवाऱ्यात’ म्हणून दाखवणं, ही त्याच जातीची फसवणूक आहे.

आपल्याकडे 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण अशा जाहिरातीसाठी 10 लाख रुपयांपर्यंत, आणि पुन्हा तेच केलं तर 50 लाखांपर्यंत दंड करू शकतं. मोबाइलवर काढलेलं रील म्हणजे जाहिरात नव्हे, असं समजून कुणी गाफील राहू नये.

आता ‘आफ्टर’कडे येऊ. धुऊन झालं की वायपर मारावा, पंखा किंवा एक्झॉस्ट लावावा आणि टाइल पूर्ण वाळेपर्यंत थांबावं. सांध्यांमधलं सिमेंट टाइलपेक्षा उशिरा वाळतं, आणि ओलं असताना गडद, वाळल्यावर फिकं दिसतं. म्हणून सांध्यांवर नजर ठेवून ठरवावं. मग तेच अख्खं दृश्य आणि त्याच तीन जागा, त्याच क्रमाने, तितकेच सेकंद. ‘बिफोर’ दोन सेकंद आणि ‘आफ्टर’ आठ सेकंद असा भेदभाव नको.

आणि जे निघालं नाही तेही दाखवावं. पूर्वी कुणी बाजारातलं कडक अ‍ॅसिड ओतलेलं असेल तर नळाचा क्रोम खरवडलेला असतो, सांध्यातलं सिमेंट खाल्लेलं असतं. तो मळ नव्हे, ती झीज आहे. कितीही घासलं तरी चमक परत येत नाही. कॅमेरा त्या नळावर तीन सेकंद थांबवून ‘हा भाग झिजलेला आहे, सुधारत नाही’ असं लिहिलं, तर उरलेल्या सत्तर-ऐंशी सेकंदांवर गिऱ्हाइकाचा विश्वास बसतो. शिवाय कामाच्या दिवशी ‘हा डाग का राहिला’ हा वादही होत नाही. फरशी संगमरवरी किंवा शहाबादी असेल तर हे आम्लयुक्त औषध तिथे चालत नाही, कारण ते दगडच खातं. व्हिडिओ पाहून कुणी घरी तसं करू पाहील, म्हणून ही ओळ पडद्यावर हवीच. त्याबरोबर आम्लयुक्त औषधात ब्लीच कधीही मिसळू नये हेही हवं, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

शेवटच्या पाटीवर किती माणसं, किती तास, कोणत्या प्रकारचं औषध आणि किती चौरस फुटांचं बाथरूम हे लिहावं. घरमालकाची लेखी परवानगी आधीच घ्यावी आणि दारावरचं नाव चौकटीत येऊ देऊ नये. मूळ, न कापलेलं चित्रीकरण तारखेसह जपून ठेवावं, म्हणजे कुणी शंका घेतली तर ते दाखवता येतं.

जमलं तर पंधरा दिवसांनी त्याच ट्रायपॉडवरून एक तिसरं दृश्य घ्यावं. पाणी तेच जड आहे, त्यामुळे नळाभोवती पांढरी कड पुन्हा धरू लागलेली दिसेल. ती दाखवावी आणि खाली लिहावं की आंघोळीनंतर रोज वायपर मारला तर थर हळू साचतो, पण बोअरचं पाणी आहे तोवर तो साचणारच.