भोक पाडलेल्या गोळ्याचं घनफळ

५ सेंमी त्रिज्येचा भरीव लाकडी गोळा घ्या आणि त्याच्या केंद्रातून आरपार ३ सेंमी त्रिज्येचं भोक पाडा. एखाद्या मोठ्या मण्यासारखा आकार उरेल. आता त्यात लाकूड किती उरलं? इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षात तिहेरी संकलन शिकताना अशी गणितं हमखास भेटतात.

नेहमीच्या x, y, z निर्देशकांत ते गणित किचकट होतं. वरून पाहिलं तर मण्याची सावली म्हणजे मधोमध पोकळ असलेली चकती. तिच्या सीमा x, y मध्ये मांडायच्या तर तिचे चार तुकडे करावे लागतात आणि प्रत्येकाच्या मर्यादांत वर्गमुळं येतात.

वृत्तचितीय निर्देशकांत बिंदूची जागा वेगळ्या तऱ्हेनं सांगतात: अक्षापासूनचं अंतर r, अक्षाभोवतीचा कोन θ आणि उंची z. मग भोकाची भिंत म्हणजे नुसतं r = 3, आणि गोळ्याचा पृष्ठभाग r² + z² = 25. θ पूर्ण फेरी घेतो, r ३ पासून ५ पर्यंत जातो आणि z हा −√(25 − r²) पासून √(25 − r²) पर्यंत.

इथे एक गोष्ट विसरून चालत नाही. लहानशा तुकड्याच्या दोन बाजू dr आणि dz असल्या, तरी तिसरी बाजू dθ नसून r·dθ असते. कारण कोन तेवढाच असला तरी अक्षापासून जितकं दूर जावं तितका कंस लांबतो. म्हणून घनफळाचा कण r dr dθ dz असा लिहितात. z आणि θ चं संकलन झालं की एवढंच उरतं:

4π ∫ r√(25 − r²) dr, r = 3 ते 5

याचं उत्तर 256π/3, म्हणजे सुमारे २६८ घन सेंमी. मूळ गोळा सुमारे ५२४ घन सेंमीचा होता. जवळपास निम्मं लाकूड गेलं. तो r गाळला तर उत्तर सुमारे ७० येतं. ही चूक एककांवरून पकडता येते: कोनाला लांबीचं एकक नसतं, त्यामुळे r शिवाय हाती घन सेंमी नव्हे, चौरस सेंमी येतात.

वस्तू गोल आहे, मग गोलीय निर्देशक का नकोत? त्यांत केंद्रापासूनचं अंतर ρ आणि उभ्या अक्षापासूनचा कोन φ घेतात. गोळ्याचा पृष्ठभाग ρ = 5 इतका सोपा होतो खरा, पण भोकाची भिंत ρ = 3/sin φ अशी वाकडी होते. त्याच गोळ्यातून भोकाऐवजी केंद्राशी टोक असलेला शंकू कापला असता, तर शंकूची भिंत φ = स्थिरांक झाली असती आणि गोलीय निर्देशकच सरस ठरले असते. तिथे कणाला ρ² sin φ हा गुणक लागतो.

तेव्हा निर्देशक निवडताना नुसता बाहेरचा आकार पाहू नका. सगळ्या सीमा कागदावर लिहा आणि ज्या पद्धतीत त्या सर्वांत सोप्या होतात, तीच घ्या.